आजची ऑर्डर, पाच महिन्यांपूर्वीची जाहिरात

माणूस साधारण आठ वर्षांतून एकदा नवी गादी घेतो असं धरू. आठ वर्षं म्हणजे ९६ महिने. म्हणजे कुठल्याही एका महिन्यात शंभर माणसांतला जेमतेम एक जण गादीच्या शोधात असतो. बाकीच्या ९९ जणांना गादीची कितीही देखणी जाहिरात दाखवली तरी ते या महिन्यात गादी घेणार नाहीत. त्यांच्या घरी गादी आहे आणि ती अजून धड आहे, एवढंच त्याचं कारण.

मार्केटिंगच्या दोन पद्धतींतला फरक मी नेहमी या हिशेबावरून सांगतो. परफॉर्मन्स मार्केटिंग त्या एका माणसाच्या मागे असतं. त्याने ‘पाठदुखीसाठी गादी’ असं सर्च केलं की वरती जाहिरात, आपली साइट बघून परत गेला की दुसऱ्या साइटवर पुन्हा आपलीच जाहिरात. पैसे बहुतेक वेळा क्लिकमागे जातात, आणि त्या क्लिकमधून ऑर्डर आली की नाही ते काही दिवसांत कळतं. ब्रँड मार्केटिंग उरलेल्या ९९ जणांसाठी असतं. त्यांच्याकडून आज काहीच मिळणार नसतं. त्यांच्या डोक्यात एक नाव आणि त्या नावाबद्दल एखादी साधी गोष्ट राहावी, एवढीच अपेक्षा असते.

पण ते ९९ जण कायम ९९ राहत नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांतला एक जण शोधायला लागतो, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी एक. पाच महिन्यांत पाच जण बाजारात उतरलेले असतात. ते जेव्हा सर्च करतात तेव्हा त्यांच्यापुढे परफॉर्मन्सवाल्यांचीच जाहिरात येते, क्लिक तिच्यावरच पडतो आणि ऑर्डरही तिच्याच नावावर लिहिली जाते. पाच महिन्यांपूर्वी पाहिलेल्या व्हिडिओची नोंद त्या ऑर्डरसमोर कुठेच नसते. तरीही त्या व्हिडिओमुळे काहीतरी बदललेलं असतं. नेमकं काय बदलतं, ते मोजायचं कसं आणि मोजताना लोक कुठे फसतात, हे या लेखात सांगतो.

आधी स्क्रीनवर काय घडतं ते बघू. माणूस फोनवर सर्च करतो. वरती चार जाहिराती येतात. चारही कंपन्या जवळपास तेच सांगतात: शंभर रात्री वापरून बघा, दहा वर्षांची वॉरंटी, मोफत घरपोच. चारांतली तीन नावं त्याने कधी ऐकलेली नाहीत. चौथं कुठेतरी ऐकलंय. कुठे, ते त्याला सांगता येणार नाही. अंगठा खाली सरकतो, पुन्हा वर येतो आणि त्या चौथ्या नावावर थांबतो. विचारलं तर तो म्हणेल, ‘हे जरा बरं वाटलं.’

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली हेच दाखवलं होतं. एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा नजरेसमोर आली, तरी ती माणसाला आवडू लागते. गादीसारख्या वस्तूत याच्या जोडीला धास्तीही असते. हात लावून न बघता महागडी वस्तू मागवायची, आवडली नाही तर परत नेतील का, पैसे बुडणार तर नाहीत ना? ओळखीच्या नावाने ही धास्ती थोडी कमी होते. पैसे भरायच्या पानापर्यंत येऊन मागे फिरणारे काही जण मग फिरत नाहीत.

म्हणजे आधी केलेला ब्रँडचा खर्च नंतर दोन ठिकाणी कामाला येतो. जाहिरात दिसल्यावर क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, आणि क्लिक केल्यावर विकत घेणाऱ्यांचं प्रमाण, म्हणजे कन्व्हर्जन रेट, हेही वाढतं. या दोन्ही वाढींचा गुणाकार होतो. समजा जाहिरात एक लाख वेळा दिसली. क्लिकचं प्रमाण ४ टक्के आणि कन्व्हर्जन रेट २ टक्के असेल तर ४,००० क्लिक आणि ८० ऑर्डर. आता दोन्ही आकडे मूळच्या १५ टक्क्यांनी वाढले असं धरा: क्लिकचं प्रमाण ४.६ आणि कन्व्हर्जन रेट २.३. मग ४,६०० क्लिक आणि साधारण १०६ ऑर्डर. जाहिरात तीच, शब्द तेच, दिसलीही तितक्याच वेळा. आधी एका ऑर्डरमागे ५० क्लिक विकत घ्यावे लागत होते, आता साडेत्रेचाळीसच्या आसपास पुरतात. जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या गूगलच्या लिलावात बोलीच्या रकमेबरोबर जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यताही धरली जाते. त्यामुळे ओळखीच्या नावाला तीच जागा थोड्या कमी बोलीत मिळू शकते.

डॅशबोर्ड मात्र हे सगळं श्रेय परफॉर्मन्सच्या खात्यात टाकतो. त्यात कोणाची लबाडी नसते, मोजायची रीतच तशी असते. बहुतेक ठिकाणी ऑर्डरच्या आधीच्या शेवटच्या क्लिकांना श्रेय मिळतं, तेही एका ठरावीक मुदतीतल्या. गूगल अॅड्समध्ये ही मुदत मुळात ३० दिवसांची असते आणि फार तर ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. जानेवारीत व्हिडिओ पाहून जूनमध्ये गादी घेणारा या जाळ्यात सापडूच शकत नाही. शिवाय त्याने व्हिडिओवर क्लिकही केलेला नसतो, नुसता पाहिलेला असतो.

या मोजणीची दुसरी बाजू ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटच्या प्रयोगातून दिसली. टॉम ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. ईबेचं नाव असलेल्या सर्चवरही कंपनी पैसे भरून जाहिरात दाखवत होती. अहवालात या जाहिराती फार फायद्याच्या दिसत, कारण नाव टाइप करून येणारा माणूस खरेदीच्या बेतानेच आलेला असतो. २०१२ साली याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर या जाहिराती बंद करून बघितल्या. जाहिरातींमधून येणारे जे क्लिक गेले, त्यांतले ९९.५ टक्के खालच्या मोफत दुव्यातून आले. माणसं येणारच होती, जाहिरात फक्त दारात उभी राहून त्यांची मोजणी करत होती. ज्या ओळखीमुळे लोक ते नाव टाइप करत होते, ती त्या जाहिरातीने घडवलेली नव्हती. अहवाल वाचून खर्च ठरवणाऱ्याला मात्र सगळ्यात फायद्याचा खर्च तोच वाटला असता. एवढ्यावरून सगळ्यांनी स्वतःच्या नावावरच्या जाहिराती लगेच बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही. ईबे हे घराघरांत माहीत असलेलं नाव आहे. लहान कंपनीचं नाव सर्च केल्यावर वर प्रतिस्पर्ध्याची जाहिरात बसली तर गिऱ्हाईक खरंच तिकडे जाऊ शकतं.

मग ब्रँडचा परिणाम मोजायचा कसा? सर्वांत भरवशाची रीत म्हणजे काही प्रदेशांत ब्रँडची जाहिरात चालवायची, तशाच दुसऱ्या काही प्रदेशांत चालवायची नाही, आणि बाकी सगळं दोन्हीकडे सारखं ठेवायचं. ऐकायला सोपं आहे, करताना ठेचा लागतात. आपल्या गादीच्या कंपनीचं उदाहरण पूर्ण करून बघू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण त्यांची चाल खऱ्या कामात दिसते तशीच आहे.

कंपनी २० प्रदेश निवडते आणि विक्रीच्या आकाराने सारख्या असलेल्या प्रदेशांच्या दहा जोड्या लावते. प्रत्येक जोडीतला एक प्रदेश चिठ्ठी टाकून ‘चालू’ गटात, दुसरा ‘बंद’ गटात. आधीचे आठ आठवडे नुसतं निरीक्षण, म्हणजे दोन्ही गट खरोखर सोबतीने वर-खाली होतात का ते कळतं. त्यानंतर बारा आठवडे चालू गटात ब्रँडचे व्हिडिओ. या सगळ्या काळात परफॉर्मन्सचं बजेट आणि बोली दोन्ही गटांत गोठवलेल्या. हे गोठवणं लोक विसरतात. आपोआप बोली लावणाऱ्या यंत्रणेवर सोडलं, तर जिकडे कन्व्हर्जन वाढतंय तिकडे ती स्वतःच जास्त पैसे ओतते. मग वाढ ब्रँडमुळे झाली की जास्तीच्या खर्चामुळे, हे कायमचं झाकलं जातं.

सुरुवातीला दोन्ही गटांत चार आठवड्यांच्या प्रत्येकी ५०,००० भेटी आणि १,००० ऑर्डर, म्हणजे कन्व्हर्जन रेट बरोबर २ टक्के. ब्रँडच्या पहिल्या चार आठवड्यांनंतर चालू गटाचा अहवाल येतो: ६२,००० भेटी, १,०८० ऑर्डर. कन्व्हर्जन रेट १.७४ टक्के.

रेट घसरलेला दिसतो. अशा एका बैठकीत मी बसलो होतो. स्क्रीनवर कन्व्हर्जनची रेघ खाली वाकलेली होती, आणि ‘ब्रँडमुळे उलट नुकसान होतंय’ असं म्हणून दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ बंद करण्यात आले. मला ते थांबवता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे. कारण तो आकडा फोडून बघायला दहा मिनिटं पुरली असती.

आपल्या उदाहरणात तो फोडू. व्हिडिओ पाहून ‘हे काय आहे बघू तरी’ म्हणून सरळ मुख्य पानावर आलेल्या नव्या भेटी १०,००० आहेत. त्यांतून ४० ऑर्डर आल्या, म्हणजे ०.४ टक्के. हे लोक गादी घ्यायला आलेच नव्हते, त्यामुळे एवढंच अपेक्षित होतं. उरलेल्या ५२,००० भेटींतून १,०४० ऑर्डर, म्हणजे बरोबर २ टक्के. काहीच घसरलेलं नाही. नुसत्या कुतूहलाने आलेल्या लोकांनी भागाकारातला खालचा आकडा फुगवला, एवढंच झालं. कन्व्हर्जन रेट हे प्रमाण आहे. चांगली ब्रँड जाहिरात सुरुवातीला ते खाली ओढू शकते, आणि तसं झालं तर जाहिरात लोकांपर्यंत पोहोचते आहे असाच त्याचा अर्थ निघतो. म्हणून ब्रँडचा परिणाम पूर्ण साइटच्या कन्व्हर्जन रेटवर कधीच बघू नये.

मग बघायचा कुठे? सर्चमधून येणाऱ्या भेटींचे दोन ढीग करायचे. एका ढिगात कंपनीचं नाव टाइप करून आलेले, दुसऱ्यात नाव न घेता ‘पाठदुखीसाठी गादी’, ‘मऊ गादी’ असं काही शोधून आलेले. दोघांचे रेट जमीन-अस्मान वेगळे असतात. आपल्या कंपनीत सुरुवातीला अशा होत्या: बिननावाच्या ४५,००० भेटी, १.४ टक्क्याने ६३० ऑर्डर. नावाच्या ५,००० भेटी, ७.४ टक्क्याने ३७० ऑर्डर. मिळून त्याच ५०,००० आणि १,०००. साइटवर सरळ येणारे वगैरे बाकीचे लोक सोपेपणासाठी सोडून देऊ.

आता तिसऱ्या महिन्यात, कुतूहलवाले बाजूला काढल्यावर, चालू गटात काय दिसतं? बिननावाच्या भेटी तेवढ्याच ४५,०००, पण रेट १.६ टक्के, म्हणजे ७२० ऑर्डर. नावाच्या भेटी वाढून ७,०००, रेट तोच ७.४, म्हणजे ५१८ ऑर्डर. मिळून ५२,००० भेटी आणि १,२३८ ऑर्डर, म्हणजे २.३८ टक्के. दोन टक्क्यांवरून २.३८. आता उलट चूक व्हायची वेळ येते. हा सगळा ०.३८ ब्रँडने लोकांचं मन वळवल्यामुळे आला, असं सादरीकरणात लिहिलं जातं.

तसं नाही. दोन्ही ढिगांचे रेट जुनेच ठेवून फक्त नावाच्या भेटी ७,००० केल्या असत्या, तरी एकूण रेट २.२१ झाला असता. म्हणजे ०.२१ एवढी वाढ केवळ मिश्रण बदलल्याने आली, नाव घेऊन येणाऱ्यांचा वाटा वाढला म्हणून. उरला ०.१७, तो बिननावाच्या ढिगात रेट १.४ वरून १.६ झाल्याचा. त्यासाठी बंद गटाकडे बघायचं. तिथे ब्रँडची एकही जाहिरात नव्हती, तरी बिननावाचा रेट १.४ वरून १.५ झालेला आहे, कारण हंगाम बदलला आणि दोन्हीकडे लोक जास्त खरेदी करायला लागले. म्हणजे १.६ मधली ब्रँडची खरी भर फक्त ०.१.

ही ०.१ ची भर लहान वाटते. पण ज्यांनी कंपनीचं नाव सर्चमध्ये घेतलंसुद्धा नाही, अशांमधली ही भर आहे. चार जाहिरातींतल्या चौथ्या नावावर थांबलेला अंगठा तो हाच. ऑर्डरमध्ये मोजलं तर बिननावाच्या ढिगात ४५ जादा आणि नावाच्या ढिगात १४८ जादा, मिळून १९३. बंद गटाच्या १,०४५ ऑर्डरशी तुलना केली तरी फरक तेवढाच येतो.

इथे आणखी एक बारकी गाठ आहे. नावाने येणाऱ्या जादा २,००० लोकांपैकी काही जण ब्रँडची जाहिरात नसती तरी आलेच असते, फक्त ‘मऊ गादी’ असं शोधून आले असते. म्हणजे बिननावाच्या ढिगातले सगळ्यात उत्सुक लोक उठून नावाच्या ढिगात जातात. त्यामुळे मागे राहिलेल्यांचा रेट खाली ओढला जातो आणि परिणाम खरा असतो त्याहून लहान भासतो. कधीकधी तर दोन्ही ढिगांचे रेट घसरतात आणि ऑर्डर मात्र वाढतात. म्हणून शेवटचा निकाल रेटवर कधीच लावू नये. चालू गट आणि बंद गट यांच्या एकूण ऑर्डरमधल्या फरकावर लावावा. रेट हे फक्त कारण शोधायचं साधन आहे.

आता सगळ्यात नावडती गोष्ट. ती ०.१ टक्क्याची भर खरी आहे की नुसता योगायोग? ४५,००० भेटींत १.४ टक्के रेट मोजला तर निव्वळ योगायोगाने तो ०.०५५ च्या आसपास इकडेतिकडे होतो. आपण चार आकड्यांची वजाबाकी केली: चालू गटाचा आधीचा आणि नंतरचा, बंद गटाचा आधीचा आणि नंतरचा. चारही आकड्यांचं हेलकावणं एकत्र आलं की ते सुमारे ०.११ होतं. म्हणजे परिणाम ०.१ आणि गोंगाट ०.११. या एका महिन्याच्या आकड्यांवरून बिननावाच्या रेटबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही. गोंगाट निम्मा करायचा तर चौपट भेटी लागतात. निदान पाचपट भेटी जमवाव्या लागतील, म्हणजे जास्त महिने किंवा मोठे प्रदेश. प्रदेशांमधले स्वतःचे चढउतार धरले तर त्याहूनही जास्त. रँडल लुईस आणि जस्टिन राव या दोघांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ मोठ्या जाहिरात-प्रयोगांचा हिशेब घालून हेच दाखवलं: माणसामाणसाच्या खरेदीत इतका फरक असतो की, जाहिरात फायद्यात आहे की तोट्यात, हे सांगायलाही प्रचंड संख्या लागते. चार आठवड्यांत ‘ब्रँडचा काही उपयोग झाला नाही’ असा निकाल देणारी कंपनी बहुतेक वेळा गोंगाटच वाचत असते. नाव टाइप करणाऱ्यांची संख्या ५,००० वरून ७,००० होणं हा मात्र ठसठशीत बदल आहे, तो लवकर दिसतो. म्हणूनच नावाचा सर्च हा मला सुरुवातीचा सगळ्यात विश्वासू साक्षीदार वाटतो.

प्रयोग करायची ऐपत नसली की लोक सोपी वाट धरतात: जाहिरात पाहिलेल्यांचा रेट आणि न पाहिलेल्यांचा रेट शेजारीशेजारी ठेवतात. यावर विश्वास ठेवू नका. जाहिरात कोणाला दाखवायची हे ती दाखवणारा मंच ठरवतो, आणि तो ती मुळातच खरेदीच्या जवळ असलेल्यांना जास्त दाखवतो. दुसरी सोपी वाट म्हणजे ज्या महिन्यांत ब्रँडवर जास्त खर्च झाला त्या महिन्यांत रेटही जास्त होता, असा आलेख काढायचा. पण ब्रँडचं बजेट हंगाम बघूनच सोडलेलं असतं. लोक घ्यायला निघालेत म्हणून खर्च वाढवला, आणि लोक निघाले होते म्हणून रेटही वाढला. एकाने दुसऱ्याला वाढवलं असं त्यातून सिद्ध होत नाही.

ब्रँडचा परिणाम किती काळ टिकतो, हे समजायला सायमन ब्रॉडबेंट यांची कल्पना फार उपयोगी पडते. १९७९ साली त्यांनी ती ‘अॅडस्टॉक’ या नावाने मांडली. जाहिरातीचा परिणाम हा एक साठा आहे असं मानायचं. दर आठवड्याला नवा खर्च त्यात भर घालतो आणि दर आठवड्याला थोडा साठा झिरपून जातो, कारण माणसं विसरतात. हिशेब एका ओळीचा आहे:

```
या आठवड्याचा साठा = या आठवड्याचा खर्च + ०.९ × मागच्या आठवड्याचा साठा
```

इथे ०.९ म्हणजे दर आठवड्याला दहावा हिस्सा विसरला जातो. हा आकडा प्रत्येक वस्तूसाठी आणि जाहिरातीसाठी वेगळा असतो, तो आपल्याच आकड्यांवरून काढावा लागतो. पण ०.९ धरून बघा. दर आठवड्याला १०० भाग खर्च कायम चालू ठेवला तर साठा १,००० भागांपर्यंत चढून स्थिरावतो. मात्र बारा आठवड्यांत तो सुमारे ७२० पर्यंतच पोहोचतो. म्हणजे बारा आठवड्यांनी मोजणाऱ्याने पूर्ण परिणाम पाहिलेलाच नसतो. आणि खर्च थांबवला की साठा निम्मा व्हायला साडेसहा आठवडे लागतात, बारा आठवड्यांनी जवळपास २८ टक्के उरतो, सहा महिन्यांनी ६ टक्के.

खरी घातक गोष्ट या झिरपण्याच्या वेगात आहे. आपल्या कंपनीने बारा आठवड्यांनंतर ब्रँडचा खर्च थांबवला असं समजा. जादा ऑर्डर साठ्याच्या प्रमाणात येतात असं धरलं, तर चार आठवड्यांनी १९३ च्या जागी १२७ च्या आसपास उरतात. एकूण १,२३८ मधून ६६ कमी, म्हणजे शंभरात जेमतेम पाच. खर्चातून मात्र ब्रँडची अख्खी रक्कम गेलेली. दर ऑर्डरमागचा एकूण खर्च झपकन खाली येतो आणि हिशेब खात्याला वाटतं, आपण फुकटचा खर्च पकडला. तो आनंद खोटा नाही, ती बचत खरोखर झालेली असते. पण त्या महिन्यांतल्या ऑर्डर मागच्या साठ्यातून येत असतात. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं सुरू असतं आणि पीठ संपत चाललंय हे अहवालात दिसत नाही.

आठ आठवड्यांनी जादा ऑर्डर ८३ च्या आसपास, बारा आठवड्यांनी ५४. तोवर बिननावाच्या क्लिकचा रेटही हळूहळू उतरतो आणि ऑर्डरमागचा खर्च वाढायला लागतो. तेव्हा जाब परफॉर्मन्सवाल्यांना विचारला जातो, कारण आकडा त्यांच्या पानावर घसरलेला असतो. ते बोली वाढवतात, जाहिरातीचे शब्द बदलतात, क्लिकनंतर उघडणारं लँडिंग पान नवं बनवतात. त्या शंभरातल्या एकासाठी आणखी जोरात भांडतात. उरलेल्या ९९ जणांशी तीन महिन्यांत कोणी बोललेलंच नसतं.

घसरण कुठून आली हे ओळखायची एक खूण आहे. लँडिंग पान बिघडलं किंवा वस्तू महाग झाली, तर नावाने येणाऱ्यांचा आणि बिननावाने येणाऱ्यांचा रेट एकदम, एखाद्या ठरावीक तारखेपासून पडतो. ब्रँडचा साठा झिरपत असेल तर आधी नावाच्या सर्चची संख्या आठवड्यामागून आठवडा उतरते, नाव घेऊन आलेल्यांचा रेट मात्र जवळपास तसाच राहतो, आणि बिननावाचा रेट सावकाश, पायरी न दाखवता उतरतो. बंद प्रदेशांत असं काहीच झालेलं नसतं.

साठा भरतच नाही अशाही जागा असतात. व्हिडिओ लोकांना आवडतो पण कोणत्या कंपनीचा होता ते आठवत नाही, तर ओळख प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होते. थोडंसं बजेट वीस प्रदेशांत पातळ पसरलं, तर कोणालाच जाहिरात पुरेशा वेळा दिसत नाही. तेच चार प्रदेशांत लावलं तर काही तरी दिसतं. आणि गादी मुळात वाईट असेल, परीक्षणांत एक-दोन तारेच असतील, तर ओळखीचं नाव माणसाला त्या परीक्षणांपर्यंत लवकर नेऊन सोडतं.

ब्रँडला किती आणि परफॉर्मन्सला किती, असं विचारलं की लोक ६०:४० सांगतात. लेस बिनेट आणि पीटर फील्ड यांनी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या आयपीए या जाहिरात संस्थेच्या नोंदींचा अभ्यास करून हे प्रमाण मांडलं. त्या नोंदी परिणामकारकतेच्या पुरस्कारासाठी पाठवलेल्या मोहिमांच्या होत्या, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या आणि यशस्वी कंपन्यांच्या. ते सरासरीचं प्रमाण आहे. नाव कोणालाच माहीत नसलेल्या आणि अजून रोजचा खर्च भागवण्याची धडपड करणाऱ्या कंपनीने ते डोळे मिटून लावू नये. तिने आधी बिननावाच्या सर्चमधला सोपा हिस्सा पुरता घ्यावा, आणि तिथे पुढची प्रत्येक ऑर्डर आधीच्या ऑर्डरपेक्षा महाग पडायला लागली की ब्रँडकडे वळावं. शंभरातला तो एक जण संपत आला, याची खूण तीच असते.

एका साध्या कोष्टकात चार गोष्टी दर आठवड्याला लिहून ठेवा: नावाने केलेल्या सर्चची संख्या, बिननावाच्या भेटींचा रेट, पहिल्यांदाच विकत घेणाऱ्यांची संख्या, आणि ब्रँडची जाहिरात कुठे, कधी सुरू झाली व कधी थांबली त्या तारखा. चौथी ओळ बहुतेक कोणी लिहीत नाही. सहा महिन्यांनी रेट घसरला की सगळे जुने मेल उकरत बसतात, आणि व्हिडिओ नेमके कोणत्या आठवड्यात बंद केले हे एकालाही सांगता येत नाही.